शेळीनं पाय का उचलला?

मघाशी पहिल्या रांगेतून प्रश्न आला, की डायव्हरनं सावकाश वर यायचं, एवढंच ना? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ब्रिटिश नौदलातही हाच समज होता. खालपासून वरपर्यंत एकाच संथ गतीनं यायचं. तरीही माणसं लुळी पडत. म्हणून १९०५ साली नौदलानं समिती नेमली आणि जॉन स्कॉट हॉल्डेन नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये, एका मोठ्या पोलादी टाकीत, शेळ्या कोंडल्या.

शेळ्याच का? उंदरासारख्या छोट्या प्राण्याचं रक्ताभिसरण फार वेगवान असतं. शेळी त्या मानानं माणसाच्या जवळची. शिवाय तिला सांधा दुखला की ती पुढचा एक पाय उचलून धरते, टेकवतच नाही. तिला काही विचारावं लागत नाही, नुसतं बघत बसायचं.

आता दुखतं कशानं, ते बघू. पाण्याबाहेर हवेचा जेवढा दाब असतो, त्याला एक वातावरण म्हणतात. समुद्रात दर दहा मीटरला त्यात आणखी एक वातावरण दाब वाढतो. तीस मीटरवर चार वातावरणं. दाब चौपट झाला की रक्तात आणि मांसात चौपट नायट्रोजन विरघळू शकतो. ऑक्सिजन शरीर वापरून टाकतं, नायट्रोजनला मात्र शरीरात काही काम नाही. तो नुसता साठून राहतो. खोलवर याच नायट्रोजननं डोकं गुंगतं. तीस मीटरनंतर काही जण उगाच हसतात, काहींना घड्याळातले आकडे दिसतात पण त्यांचा अर्थ लागत नाही. थोडं वर आलं की ही गुंगी मागं काही न ठेवता उतरते. पण विरघळलेला वायू इतक्या चटकन जात नाही. दाब एकदम कमी झाला तर गोटी सोडा फोडल्यावर होतं तसंच होतं. बुडबुडे सांध्यात, रक्तात, प्रसंगी मज्जारज्जूत.

हॉल्डेनच्या लक्षात एक गोष्ट आली. दहा मीटरवर माणूस कितीही वेळ राहिला आणि थेट वर आला, तरी त्याला सहसा काही होत नाही. म्हणजे दोन वातावरणांवरून एकावर येणं चालतं. मग चारावरून दोनावर, सहावरून तीनावर येणंही चालेल का? त्यानं शेळ्यांवर ताडून पाहिलं. सहा वातावरणांवरून २.६ वर आणलेल्या शेळ्या ठणठणीत राहिल्या. ४.४ वरून एकावर आणलेल्यांपैकी कित्येक आजारी पडल्या, काही मेल्या. दोन्हीकडे दाब ३.४ नंच उतरला होता! महत्त्व उतरलेल्या आकड्याला नव्हतं, पटीला होतं.

दुसरा धागा असा, की सगळं शरीर एका वेगानं भरत नाही. ज्या भागात रक्त भरपूर तो पटकन भरतो. चरबीत पाण्याच्या सुमारे पाचपट नायट्रोजन मावतो, आणि तिथं रक्त कमी, म्हणून ती हळू भरते आणि हळूच रिकामी होते. हॉल्डेननं शरीराचे पाच काल्पनिक भाग धरले. सगळ्यांत चपळ भाग पाच मिनिटांत अर्धा भरणारा, सगळ्यांत मंद पंचाहत्तर मिनिटांत.

त्यातले दोन घेऊन हिशेब करू. तुम्ही तीस मीटरवर वीस मिनिटं होता. पाच मिनिटांवाल्या भागात वायू जवळजवळ ३.८ वातावरणांइतका चढला. चाळीस मिनिटांवाल्या भागात मात्र जेमतेम १.९. दुसऱ्याला थेट वर यायला हरकत नाही, पहिल्याला आहे. ३.८ च्या निम्मे १.९, म्हणजे नऊ मीटर. तिथपर्यंत बिनधास्त या आणि मग थांबा. चपळ भाग तिथं भराभर रिकामा होईल. उलट तळापासून रांगत आलात, तर खोलवर घालवलेल्या त्या जादा मिनिटांत मंद भाग भरतच राहतो. सावकाश येणाऱ्यांनाच त्रास का होई, त्याचं कारण हे. १९०६ साली स्कॉटलंडच्या समुद्रात डॅमंट आणि कॅटो हे नौदलाचे दोघं याच पद्धतीनं ६४ मीटरवरून सुखरूप वर आले, आणि १९०८ मध्ये किती खोलीवर किती वेळ थांबायचं याची कोष्टकं छापली गेली.

त्या कोष्टकांत चुकाही होत्या. दोनाची पट चपळ भागाला उगाच कडक आणि मंद भागाला सैल निघाली, ती नंतर बदलावी लागली. पुढं ध्वनिलहरींनी रक्तातली हालचाल टिपणाऱ्या डॉप्लर यंत्रानं दाखवलं की काहीही न दुखणाऱ्या डायव्हरच्या रक्तातही बुडबुडे फिरत असतात. म्हणून आजचा डायव्हर मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा जास्त वेगानं वर येत नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतो.

तुमच्या मालवणकडचं सांगतो. तारकर्लीला पर्यटक थोडा वेळ उथळ पाण्यात उतरतात, त्यांचा प्रश्न नाही. पण दिवसभर खोल डाइव्ह करणारा इन्स्ट्रक्टर संध्याकाळी गाडी काढून आंबोली घाट चढला, तर तो सुमारे सातशे मीटर वर जातो. हवेचा दाब आणखी उतरतो, आणि मंद भाग अजून भरलेलेच असतात. रात्री खांदा ठणकतो. तो म्हणतो, ‘सिलिंडर उचलले ना दिवसभर.’ असा खांदा चोळत बसू नका. मास्कनं शुद्ध ऑक्सिजन लावा, डायव्हिंगच्या डॉक्टरला फोन करा आणि पुन्हा घाट चढू नका.