मराठी मेसेजचे दोन तुकडे का होतात? (आणि कोजागिरीला 90 जण का आले नाहीत)

नमस्कार मंडळी, आज जरा आमच्या इंदूरच्या मंडळाची फजिती सांगतो, आणि त्यातूनच सगळं समजेल.

तर झालं असं की रामबागेकडच्या आमच्या मंडळाची कोजागिरी होती. सभासद 240. त्यातले बरेच आजी-आजोबा साधा बटणांचा फोन वापरतात, व्हॉट्सअॅप नाही, म्हणून काका म्हणाले की एसएमएसच पाठवू. त्यांनी बल्क एसएमएसवाल्याकडून 300 क्रेडिट घेतले, म्हणजे 240 गेले तरी 60 उरतील असा साधा हिशोब. मेसेज होता हा, स्क्रीनवर बघा:

```
कोजागिरीचा कार्यक्रम शुक्रवारी रात्री ९ वाजता गच्चीवर. मसाला दूध आहे, पेला घरून आणा.
```

150 जणांना गेला आणि क्रेडिट संपले. यादी आडनावाप्रमाणे होती, त्यामुळे आपटे आले, जोशी आले, आणि पटवर्धनांपासून पुढे कोणालाच पत्ता नाही. काका भडकले, म्हणे त्या माणसाने पैसे खाल्ले. नाही हो काका, त्याने नाही खाल्ले, काना-मात्रांनी खाल्ले.

आता नीट बघा. एका एसएमएसमध्ये मजकुरासाठी जागा असते 140 बाइट, बस. ही जागा वाढत नाही कारण एसएमएस इंटरनेटवरून जात नाही, फोन आणि टॉवर आपापसात जे निरोप देत असतात, कॉल आलाय वगैरे, त्याच रस्त्याने तो जातो आणि तिथे मोठं सामान चालत नाही. इंग्रजीसाठी जो अक्षरांचा तक्ता ठरवला त्यात 128 खाने आहेत, त्यामुळे एका अक्षराला 7 बिट पुरतात. 140 बाइट म्हणजे 1120 बिट, भागिले 7, आले 160. तो प्रसिद्ध 160 चा आकडा हाच.

त्या 128 खान्यांत कोण कोण आहे माहितीये? पाउंड आहे, जपानचा येन आहे, गणितात येतात ते ग्रीक डेल्टा-सिग्मा आहेत. देवनागरीचं एकसुद्धा अक्षर नाही. मग मराठी आलं की फोन दुसऱ्या पद्धतीवर जातो, तिला यूसीएस-2 म्हणतात, तिथे प्रत्येक चिन्हाला सरसकट 2 बाइट. 140 भागिले 2, उरले 70. आणि गंमत म्हणजे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट सारखाच असतो. ह म्हणजे 0939, मात्रा म्हणजे 0947, क म्हणजे 0915. दर वेळी तेच 09, 09, 09. अर्धी जागा आपण एकच गोष्ट परत परत सांगण्यात घालवतो.

पण खरा मार इथे नाही. तुम्ही म्हणाल 70 तर 70, काकांचा मेसेज केवढासा आहे. मोजा ना. आपण डोळ्यांनी जसं मोजतो तसं, म्हणजे को एक, जा एक, गि एक, तर स्पेस आणि टिंबं धरून 52 होतात. 52 म्हणजे 70 च्या आत आरामात. पण फोन असं मोजत नाही. त्याच्यासाठी को म्हणजे क आणि वर ओकार, दोन. आणि जोडाक्षर आलं की विचारूच नका, "गच्चीवर" मधला च्ची घ्या, आपल्याला एक अक्षर दिसतं, आत आहेत च, मग हलन्त, मग परत च, मग वेलांटी, चार. "रात्री" आपल्यासाठी दोन अक्षरं, फोनसाठी सहा. असं करत करत हा मेसेज होतो 84.

84 म्हणजे 70 च्या वर, म्हणजे दोन तुकडे, आणि दर तुकड्याला एक क्रेडिट, म्हणून 300 क्रेडिट 150 जणांतच संपले. आणि तुकडे झाले की अजून एक कात्री लागते. समोरच्या फोनला तुकडे जोडता यावेत म्हणून प्रत्येक तुकड्याच्या तोंडाला 6 बाइटची चिठ्ठी लागते, हा कुठला मेसेज, एकूण तुकडे किती, हा कितवा. 140 मधून 6 गेले, 134 उरले, म्हणजे तुकड्यामागे 70 नाही, 67 च चिन्हं. (इंग्रजीत पण हेच होतं, तिथे 160 चे 153 होतात, पण तिथे दुसऱ्या तुकड्यापर्यंत पोचायलाच वेळ लागतो.)

आता 67 वर कात्री कुठे पडली ते बघा, मला हे बघून जाम हसू आलं. "मसाला दूध आहे" मधला आ 66 वा, ह 67 वा, आणि ह वरची मात्रा 68 वी. म्हणजे ह पहिल्या तुकड्यात आणि त्याची मात्रा दुसऱ्यात! चांगला फोन दोन्ही जोडून दाखवतो, काही कळतच नाही. पण आमच्या एका आजोबांच्या जुन्या फोनवर दोन वेगळे मेसेज आले, पहिला संपतो "मसाला दूध आह" वर, आणि दुसरा सुरू होतो एका रिकाम्या ठिपक्याच्या गोलाने, त्यावर मात्रा, पुढे "पेला घरून आणा". आजोबा विचारत होते की हे आह काय, कोणाला लागलं का.

आणि हाच मेसेज रोमनमध्ये:

```
Kojagiricha karyakram shukravari ratri 9 vajta gachchivar. Masala dudh aahe, pela gharun aana.
```

हा 94 अक्षरांचा, म्हणजे आपल्या 84 पेक्षा लांब, तरी एकाच तुकड्यात जातो. पण आजींना हे वाचायला लावणार का? मी तर नाही लावणार.

एक अजून, हे दुकानवाल्यांसाठी. मेसेज पूर्ण इंग्रजीत असला तरी त्यात आपला रुपयाचा ₹ टाकला की खेळ खलास, कारण तो त्या 128 मध्ये नाही. एका चिन्हासाठी अख्खा मेसेज 2 बाइटवाला होतो, नुसतं ते चिन्ह नाही. 120 अक्षरांची इंग्रजी जाहिरात असेल तर एकाचे दोन क्रेडिट. तिथे Rs लिहा, तेवढंच पुरतं. वर्डमधून कॉपी केलेले वाकडे अवतरणचिन्ह पण हेच करतात, आणि ते तर दिसत पण नाहीत पटकन.

बरं, यावर उपाय कोणी काढला नाही का, तर काढला. नंतर एसएमएसच्या मानकात भारतीय भाषांचे वेगळे 7 बिटचे तक्ते आले, हिंदीचा पण आहे, देवनागरीच असल्यामुळे मराठीचं पण बरंच काम त्यात झालं असतं. पण ते पाठवणाऱ्याच्या बाजूला आणि घेणाऱ्याच्या फोनला, दोघांना कळलं पाहिजे, म्हणून बल्कवाले सुरक्षित मार्ग घेतात आणि सरळ युनिकोडच, म्हणजे ती 2 बाइटवाली पद्धतच, वापरतात. आणि हो, बल्कवाल्याच्या पॅनलमध्ये युनिकोड निवडायचं विसरलात तर तुकडे राहूद्या, लोकांना नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

तर काकांना मी बसवून कापाकापी केली. "चा कार्यक्रम" काढला, 72 वर आले. दोन जास्त! मग "९ वाजता" चं "९ ला" केलं:

```
कोजागिरी शुक्रवारी रात्री ९ ला गच्चीवर. मसाला दूध आहे, पेला घरून आणा.
```

69. एक तुकडा, 240 जणांना 240 क्रेडिट, 60 शिल्लक. काकांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि म्हणाले, छान आहे रे, पण असं कसं तुटक, शेवटी "नम्र विनंती" तरी घाल.

मोजलं मी. आधीच्या स्पेससकट 12.