दीड किलो पावात फिटलेलं घराचं कर्ज

[दृश्य: जुना बर्लिन, ट्रामगाड्या, बँकेच्या खिडकीपुढची रांग]

जर्मनीतल्या १९२३ सालाची छायाचित्रं आपण पाहिलेली असतात. नोटांच्या थप्प्यांशी खेळणारी मुलं, चारचाकी ढकलगाडीतून नेलेला पगार. आज आपण नोटांकडे नाही, पासबुकाकडे पाहणार आहोत. आयुष्यभर पै पै साठवणाऱ्या माणसाचे पैसे गेले कुठे? ते हवेत विरले नाहीत. ते एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेले.

एक बाई डोळ्यांसमोर आणू या. माध्यमिक शाळेतल्या शिक्षकाची विधवा. नाव आपण देणार नाही, कारण तिच्यासारख्या लाखो होत्या. १९१४ साली नवऱ्यामागे तिच्याकडे दहा हजार मार्क आहेत. तेव्हा एका डॉलरला ४.२ मार्क पडायचे. पाच हजार मार्क तिने एका घरमालकाला त्याचं घर गहाण ठेवून कर्जाऊ दिले आहेत. उरलेले पाच हजार बचतबँकेत. व्याजावर घर चालतं.

[दृश्य: युद्धकाळातलं कर्जरोख्याचं भित्तिपत्रक]

ऑगस्ट १९१४. युद्ध सुरू झालं आणि नोटेच्या बदल्यात सोनं देणं सरकारने थांबवलं. युद्धाचा खर्च भागवायला करांऐवजी कर्ज काढलं. दर सहा महिन्यांनी युद्ध कर्जरोखे, असे नऊ वेळा. टपाल कचेऱ्यांतून आणि बचतबँकांतून, शाळेतल्या मुलांच्या खाऊच्या पैशांतूनसुद्धा पैसा उभा केला गेला. एकूण सुमारे ९,८०० कोटी मार्क. अर्थखातं सांभाळणाऱ्या कार्ल हेल्फरिश यांचा हिशेब सरळ होता: युद्ध जिंकू आणि हे ओझं शत्रूच्या डोक्यावर टाकू. आपल्या बाईने बचतबँकेतले पाच हजार काढले आणि पाच टक्क्यांचे रोखे घेतले. देशाला पैसे देणं यापेक्षा सुरक्षित काय असणार?

१९१८ मध्ये जर्मनी हरला. कर्ज उरलं, ते फेडणारा शत्रू नाही. डॉलर तोवर आठ मार्कांवर गेला होता. वर विजेत्यांची नुकसानभरपाई, जखमी सैनिकांची आणि युद्धविधवांची पेन्शनं. तुटीसाठी सरकार अल्पमुदतीच्या हुंड्या काढायचं. त्या घ्यायला कुणी नसलं की मध्यवर्ती बँक, म्हणजे राइशबँक, त्या घ्यायची आणि नव्या नोटा द्यायची. बँकेचे अध्यक्ष रूडोल्फ हावेनस्टाइन यांची पक्की समजूत होती की भाव वाढलेत म्हणून नोटा कमी पडतात, त्या पुरवणं हे आपलं कर्तव्य आहे. नोटांमुळेच भाव वाढतात, हे त्यांनी मान्य केलं नाही. या सगळ्या काळात, १९२२ च्या उन्हाळ्यापर्यंत, बँकेचा व्याजदर पाचच टक्के राहिला. आज कर्ज घ्यायचं, कारखाना विकत घ्यायचा आणि वर्षाने त्याच आकड्याच्या पण निम्म्या किमतीच्या मार्कांत फेडायचं. ज्यांना कर्ज मिळत होतं, त्यांना ही लॉटरी होती.

जानेवारी १९२२ मध्ये डॉलर होता सुमारे १९० मार्क. जूनमध्ये परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाऊ यांची हत्या झाली आणि मार्कावरचा उरलासुरला विश्वास उडाला. जानेवारी १९२३ मध्ये डॉलर सुमारे अठरा हजारांवर. त्याच महिन्यात फ्रान्स आणि बेल्जियमचं सैन्य रूरच्या कोळसा खोऱ्यात घुसलं. सरकारने तिथल्या कामगारांना काम बंद ठेवायला सांगितलं आणि त्यांचे पगार छापून दिले. शंभराहून जास्त खासगी छापखाने नोटांच्या कामाला लागले होते.

[दृश्य: घराचा दरवाजा, टेबलावर ठेवलेलं गहाणखत]

जुलै १९२३. बर्लिनमध्ये एक किलो पाव साधारण साडेतीन हजार मार्कांना. त्या उन्हाळ्यात आपल्या बाईकडे तो घरमालक येतो आणि कर्जाचे पाच हजार मार्क तिच्या हातावर ठेवतो. कागदोपत्री पैसा चुकता. कायदा म्हणतो, मार्क म्हणजे मार्क, १९१४ चा असो की आजचा. तिला पैसे घ्यावेच लागतात. तिचं अर्धं आयुष्य दीड किलो पावाच्या किमतीत फिटलं आणि त्याचं घर कर्जमुक्त झालं. त्या पोराबाळांच्या घरमालकाने चोरी केली नव्हती. तरीही ही लूट होती, आणि ती कायद्याने करवली, हे मला स्पष्ट म्हणावंसं वाटतं.

पण सगळ्यात मोठा कर्जदार वेगळाच होता. १५ नोव्हेंबरला रेंटनमार्क हे नवं चलन आलं. एका रेंटनमार्कला एक लाख कोटी जुने मार्क. आता हिशेब करा. ९,८०० कोटींचे सगळे युद्ध कर्जरोखे, अख्ख्या राष्ट्राची बचत, नव्या चलनात झाली दहा फेनिगांहून कमी. शंभर फेनिगांचा एक मार्क! सरकार कर्जातून मोकळं झालं होतं.

रेंटनमार्क टिकला, कारण तो किती छापायचा याला कायद्याने मर्यादा होती आणि सरकारच्या हुंड्या घेणं राइशबँकेने थांबवलं. २० नोव्हेंबरला डॉलर ४ लाख २० हजार कोटी जुन्या मार्कांवर स्थिर झाला. त्याच दिवशी हावेनस्टाइन वारले.

[दृश्य: लाइपझिगमधल्या सर्वोच्च न्यायालयाची इमारत]

आठवडाभराने, २८ नोव्हेंबरला, लाइपझिगच्या न्यायाधीशांनी निकाल दिला: सचोटीच्या तत्त्वाला धरून पाहता, जुनं गहाण कर्ज कवडीमोल नोटांत फेडणं मान्य करता येत नाही. बचतदारांना वाटलं, आता न्याय मिळणार. १९२४ च्या निवडणुकांत जर्मन राष्ट्रीय लोकपक्षाने पूर्ण भरपाईची आशा दाखवली आणि त्यांची मतं घेतली.

मग सत्तेत बसून याच पक्षाने जुलै १९२५ चा कायदा मान्य केला. गहाण कर्जाला पंचवीस टक्के. १५ जून १९२२ नंतर फेडलेली कर्जंही त्यात धरली, म्हणून आपल्या बाईला पाच हजारांचे साडेबाराशे नवे मार्क मिळायचे ठरले, मात्र मुद्दल १९३२ च्या आधी मागायचं नाही. सरकारी रोख्यांना अडीच टक्के, म्हणजे पाच हजारांचे सव्वाशे. रोखे १ जुलै १९२० च्या आधीपासून स्वतःकडेच असल्याचं दाखवता आलं, तर त्याच्या पाचपट, सव्वासहाशे. पण ते सोडतीने. दरवर्षी काही क्रमांक निघणार, तीस वर्षं. साठीच्या बाईने तीस वर्षं नशिबाची वाट पाहायची. आणि जिने १९२२ च्या भुकेत रोखे विकून बटाटे घेतले, तिला काहीच नाही.

हा घाव पैशापेक्षा खोल होता. यांनीच देशाला कर्ज दिलं होतं, आणि देशाने त्यांचा आकडा पुसला. बचतदारांनी १९२६ मध्ये स्वतःचा पक्ष काढला. १९२८ मध्ये राष्ट्रीय लोकपक्षाची मतं वीस टक्क्यांवरून चौदावर आली. ती हिटलरकडे गेली नाहीत. त्याला तेव्हा तीन टक्केही नव्हती. ती छोट्या-छोट्या गटांत विखुरली. मध्यमवर्ग आपल्या जुन्या पक्षांपासून सुटला होता. १९३० मध्ये मंदी आली, नोटांच्या धास्तीने सरकारने खर्च आणि पगार कापत नेले, बेकारी वाढत गेली, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत हिटलरची मतं अठरा टक्क्यांवर पोचली.

[दृश्य: सोडतीच्या क्रमांकांची छापील यादी]

रोख्यांच्या सोडती चालूच होत्या. तीस वर्षं पुरी व्हायच्या आधीच जर्मनी दुसरं युद्ध हरला. जून १९४८ मध्ये पश्चिम जर्मनीत पुन्हा नवं चलन आलं. या वेळी बँकेतल्या शंभर जुन्या मार्कांचे शेवटी साडेसहा हातात पडले.