‘लीडरशिप रोल आहे, बोलूया का?’ या मेसेजला काय उत्तर द्यायचं

आवाज येतोय ना मागे? ठीक. असे मेसेज तुम्हा सगळ्यांना येतात, त्यामुळे प्रस्तावना नको. ‘तुमचं प्रोफाइल बघितलं, आमच्या क्लायंटकडे एक लीडरशिप रोल आहे, झपाट्याने वाढणारी कंपनी, उद्या कॉल करूया का?’ कंपनी कुठली ते नाही, काम काय ते नाही, बॉस कोण ते नाही, पण तुमचा सीव्ही आणि सध्याचा पगार मात्र आजच हवाय. हसू नका, निम्म्या लोकांनी पाठवलाय.

कंपनीचं नाव लपवण्यावरून मी रिक्रूटरवर चिडत नाही हां. बाहेरच्या एजन्सीला बरेचदा माणूस रुजू झाल्यावरच फी मिळते, नाव आधीच फोडलं आणि तुम्ही परस्पर अर्ज केलात तर तिची फी बुडाली. कधी त्या खुर्चीवर अजून कोणीतरी बसलेलं असतं आणि त्या बिचाऱ्याला पत्ताच नसतो. तर नाव राहू दे. कामाची हद्द, टीम आणि रिपोर्टिंग मात्र नावाशिवायही सांगता येतं, आणि मला तेवढंच हवंय.

माझ्या एका जुन्या सहकारी बाईंचा किस्सा सांगतो, थोडा लांब आहे. त्यांना आला ‘हेड, कस्टमर ऑपरेशन्स’चा मेसेज. त्यांनी उलट लिहिलं, ‘ऐकायला आवडेल. कॉलच्या आधी तीन गोष्टी कळल्या तर बरं: ही जागा नवीन आहे की कोणी सोडून गेलंय, आज या रोलला थेट किती जण रिपोर्ट करतात आणि त्यातले कंपनीच्या पेरोलवर किती, आणि या माणसाचं अप्रेझल कोण करणार? कंपनीचं नाव आत्ता नाही सांगितलंत तरी चालेल.’ बस, एवढंच.

उत्तर आलं, बारा जणांची टीम, रिपोर्टिंग थेट सीईओला. आपण असतो तर घरी फोन करून सांगितलं असतं! बाईंनी नीट वाचलं. पेरोलचं उत्तर नाही, अप्रेझलचं नाही, जागा नवीन की जुनी तेही नाही. त्यांनी न रागावता तेच तीन प्रश्न पुन्हा पाठवले.

मग रिक्रूटरने क्लायंटला विचारलं आणि खरी गंमत बाहेर आली. बारापैकी आठ जण व्हेंडरचे, त्यांना घेणं-काढणं, रजा, सगळं व्हेंडरकडे. तीन जण दुसऱ्या डिपार्टमेंटचे, अर्धा वेळ उसने, त्यांचा बॉस तिथलाच. बारावा माणूस म्हणजे एक रिकामी पोस्ट, तिची मंजुरी पुढच्या क्वार्टरमध्ये ‘अपेक्षित’. म्हणजे हेडच्या हाताखाली आज नक्की किती? शून्य. आणि सीईओ म्हणजे महिन्यातून एक रिव्ह्यू मीटिंग, अप्रेझल करणार सेल्सचा डायरेक्टर. आता सेल्सवाला मार्क देणार म्हटल्यावर तक्रारी सोडवण्यापेक्षा रिन्यूअलचे आकडे आधी बघावे लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको. वर जागा नवीन, पण तिचं काम आत्तापर्यंत जे दोन मॅनेजर वाटून करत होते ते दोघंही तिथेच आहेत आणि त्यांच्याकडून काय काढून घेणार हे ठरलेलंच नाही.

बाई म्हणाल्या, हा हेडचा नाही, सिनियर कोऑर्डिनेटरचा रोल आहे. रिक्रूटरने ते क्लायंटला कळवलं आणि पुढे त्या जागेचा जेडी प्रोग्रॅम मॅनेजर म्हणून आला. बाईंनी तो एका ज्युनियरला पाठवला, ती आज तिथे मजेत आहे. रोल वाईट नव्हताच, पाटी चुकीची होती.

काय? दहा मिनिटं? पाचच? बरं मग, जे सांगायला बोलावलं होतं ते पटापट. ‘टीम कशी आहे?’ विचारलं की ‘खूप छान’ येतं, म्हणून आज किती माणसं आणि किती पोस्ट मंजूर, असं विचारा. तीनच्या वर प्रश्न नकोत, नाहीतर मेसेज फॉर्मसारखा दिसतो आणि उत्तरच येत नाही. डॉटेड लाइन हा शब्द आला की विचारा, दोन बॉसचं जमलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा. ‘हायरिंग मॅनेजरला विचारून सांगतो’ हे चांगलं उत्तर आहे, रिक्रूटरला खरंच सगळं माहिती नसतं. दोनदा विचारूनही फक्त ‘कॉलवर बोलू’ येत असेल तर बहुधा जेडीच तयार नाही किंवा नुसते सीव्ही गोळा करणं चाललंय, तिथे पगाराचा आकडा देऊ नका. अगदी छोट्या कंपनीत मात्र रिपोर्टिंग खरोखरच ठरलेलं नसतं, त्यात लबाडी नसते, तिथे ते कोण ठरवणार आणि रुजू व्हायच्या आधी की नंतर, एवढंच विचारा आणि ते ऑफर लेटरमध्ये आलं का बघा. हं, त्या मागच्या ताईंचा हात मघापासून वर आहे, माइक द्या त्यांना.