रायत्याला पाणी का सुटतं?

नमस्कार श्रोतेहो. रायतं कालवताना अगदी घट्ट, छान असतं. पानं वाढेपर्यंत अर्धा तास जातो आणि वाटीत बघावं तर कडेने पाणी साचलेलं. चमच्याने वाढलं की आधी पाणी पानात पळतं, भाजीत शिरतं, पोळी भिजवतं. मग दोष दह्यावर येतो, दही पातळ लागलं म्हणून. पण बऱ्याचदा दह्याचा त्यात काही दोष नसतो. ते पाणी काकडीचं असतं आणि ते बाहेर काढलेलं असतं आपणच घातलेल्या मिठाने. आज या पाण्याबद्दलच बोलू या. सगळ्यांत जास्त काकडीबद्दल, कारण खरा त्रास तिचाच. कांदा आणि बुंदी ओघात येतीलच.

काकडीत वजनाच्या साधारण ९५ टक्के पाणी असतं. हे पाणी तिच्या बारीक बारीक पेशींमध्ये भरलेलं असतं आणि काकडी कुरकुरीत लागते ती त्या भरलेल्या पेशींमुळेच. सुरी लावली की कापाच्या रेषेवरच्या पेशी फुटतात आणि थोडं पाणी लगेच येतं. पण ते थोडंच. मोठा लोंढा येतो मीठ लागल्यावर. पेशीच्या बाहेर मिठाचं दाट पाणी असलं की आतलं पाणी पेशीच्या पातळ पडद्यातून बाहेर ओढलं जातं. याला घाई नसते, ते सावकाश पंधरा-वीस मिनिटं, अर्धा तास चालू राहतं. म्हणून तर रायतं कालवताना घट्ट दिसतं आणि नंतर दगा देतं. दह्यात मीठ घातलं, त्यात काकडी घातली, झाकण ठेवलं, की झाकणाखाली हेच चाललेलं असतं. साखरही हेच काम करते, म्हणून चिमूटभर साखर घालणाऱ्यांनी तीही शेवटी घालावी.

आता यावर उपाय काय? मीठ टाळायचं नाही, मिठाचं काम आधी आणि दह्याबाहेर उरकून घ्यायचं. काकडीला जे पाणी सोडायचं आहे ते तिने चाळणीत सोडावं.

चार माणसांच्या रायत्याचं प्रत्यक्ष बघू. दोन मध्यम काकड्या, सोलून साधारण ३०० ग्रॅम. दोन्ही टोकं कापून आधी एक फोड चाखून बघा, कडू निघाली तर पुढचे सगळे कष्ट वाया. काकडी जून असेल, बिया टणक आणि मधला भाग गिळगिळीत असेल, तर उभी चिरून चमच्याने तो मधला भाग खरवडून टाका. सगळ्यांत जास्त पाणी तिथेच असतं आणि तो भाग रायत्यात कधीच कुरकुरीत लागत नाही. कोवळी काकडी असेल तर हे करायची गरज नाही.

मग काकडी चोचवायची की किसायची? मी चोचवलेल्या काकडीच्या बाजूने आहे. किसणीच्या दातांनी पेशी इतक्या फाटतात की कीस म्हणजे निम्मं पाणीच होतं, आणि तो पिळला की हातात नुसता चोथा उरतो. चोचवलेल्या काकडीच्या बारीक फोडी मात्र पाणी सोडूनही दाताखाली कुडुम् वाजतात. किसूनच आवडत असेल तर किसा, फक्त पिळण्याची तयारी ठेवा.

या ३०० ग्रॅम काकडीला छोटा अर्धा चमचा मीठ चोळायचं, म्हणजे साधारण तीन ग्रॅम. काकडी चाळणीत घालायची, खाली भांडं ठेवायचं आणि वीस मिनिटं तिकडे बघायचंही नाही. पाच-सात मिनिटांत फोडी ओल्या, चकचकीत दिसू लागतात, मग खाली टपटप सुरू होते. वीस मिनिटांनी एक एक मूठ घेऊन दोन्ही तळव्यांत दाबायची. कपड्यासारखी पिळू नका. घट्ट दाबा, सोडा, पुन्हा एकदा दाबा, पुरे. फोडी मऊ पडलेल्या पण न तुटणाऱ्या असल्या, बोटांत वाकवली की फोड लवते, मोडत नाही, अशी झाली की काम झालं.

खालच्या भांड्यात बघा. चार-पाच मोठे चमचे पाणी सहज निघतं, कीस असेल तर त्याहून बरंच जास्त. हे पाणी डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. तेवढंच पाणी तुम्ही दोन वाट्या दह्यात मुद्दाम ओतलं असतं का? काकडी न पिळता घातली की नेमकं तेच होतं, फक्त अर्ध्या तासाने. हे पाणी खारट असतं, कणीक मळायला वापरा, पण मग कणकेत मीठ बेताने घाला.

मिठाबद्दल एक गोष्ट विसरू नका. मीठ बरंचसं पाण्याबरोबर जातं, पण सगळं जात नाही. काकडी खारट लागते की नाही हे एक फोड चाखून ठरवा आणि मगच दह्यात मीठ घाला. पुष्कळदा घालावंच लागत नाही.

आता दह्याकडे येऊ, कारण कधीकधी पाणी खरोखर दह्याचंच असतं. ओळखायचं कसं? काकडी घालण्याआधीच दह्यावर पिवळसर-हिरवट पाणी दिसत असेल, किंवा दह्याचा एक चमचा काढल्यावर झालेला खड्डा थोड्या वेळाने तशाच पाण्याने भरत असेल, तर ते दह्याचं पाणी. आधी दही कोरडं, कडक होतं आणि काकडी घातल्यानंतर पाणी दिसलं, तर ते काकडीचं. विरजण जास्त वेळ राहून दही आंबट झालं की ते आकसतं आणि पाणी सोडतं. म्हणून रायत्याला ताजं, गोडसर दही घ्यावं. घरी लावत असाल तर दूध नुसतं उकळून उतरवू नका, थोडा वेळ मंद आचेवर आटवा. ते दही जास्त घट्ट लागतं, पाणी कमी सुटतं.

दही फोडायचंही एक तंत्र आहे. लागलेलं दही म्हणजे प्रथिनांची बारीक जाळी आणि तिने धरून ठेवलेलं पाणी. मिक्सरमध्ये फिरवलं की ती जाळी मोडते आणि दही ताकाकडे झुकतं. नंतर ते पुन्हा तसं घट्ट होत नाही. रायत्यासाठी दही चमच्याने किंवा काट्याने गुळगुळीत होईपर्यंतच फेटावं, फेस येईपर्यंत नाही. दोन वाट्या दही आधी मलमलच्या फडक्यात घालून चाळणीवर अर्धा तास ठेवलं तर आणखी चांगलं. त्याचा चक्का करायचा नाही, फक्त वरवरचं पाणी निथळू द्यायचं. काकडी तिकडे वीस मिनिटं पाणी सोडते आहे, दही इकडे अर्धा तास निथळतं आहे, दोन्ही कामं एकाच वेळी होतात.

एवढं करूनही काकडी पूर्ण कोरडी होत नाही, हे लक्षात ठेवा. पिळलेल्या फोडींत पाणी उरतंच आणि हळूहळू येत राहतं. म्हणून मी दही आणि काकडी वेगवेगळं फ्रिजमध्ये ठेवून जेवायच्या आधी दहा मिनिटं कालवते. सकाळी करून रात्री वाढायचं असेल, किंवा डब्यात न्यायचं असेल, तर दही वेगळं, काकडी वेगळी, फोडणी वेगळी. यातून पळवाट नाही. आणि फोडणी थोडी निवली की मगच घाला.

कांद्याचं थोडं वेगळं आहे. कांद्यातही पाणी बरंच असतं, पण त्याच्या पाकळ्या काकडीइतक्या सहज हार मानत नाहीत. बहुतेक वेळा रायत्यात येणारं पाणी कांद्याच्या आतलं नसतं, आपण त्याचा उग्रपणा घालवायला त्याला धुतलेलं असतं, ते पाणी असतं. धुतलेला कांदा चाळणीत निथळल्यासारखा दिसतो, पण पाकळ्यांच्या मध्ये पाणी अडकून बसतं. तो स्वच्छ फडक्यावर पसरून वरून दाबून टिपा. उग्रपणा चालत असेल तर धुऊच नका, बारीक चिरून अगदी शेवटी घाला. मीठ चोळून ठेवलात तर मात्र तोही काकडीसारखाच पिळावा लागेल.

बुंदीचं गणित उलट आहे, ती पाणी सोडण्याआधी पिते. कोरडी बुंदी तशीच दह्यात टाकली तर ती दह्यातलं पाणी ओढून घेते आणि अर्ध्या तासात रायतं घट्ट गोळा होतं. ते टाळायला आपण बुंदी पाण्यात भिजवतो आणि तिथेच चूक होते, कारण भिजलेली बुंदी न दाबता दह्यात गेली तर पोटात धरलेलं पाणी ती दह्यात सोडत राहते. कोमट पाणी घ्या, उकळतं नको, त्यात बुंदी विरघळून चिखल होते. पाच-सात मिनिटांनी एक दाणा बोटांत दाबून बघा. मध्ये कडक गाठ लागली नाही की झालं. मग मुठीत घेऊन हलकेच दाबा. दाणे फुटता कामा नयेत. तळणाचं तेलही थोडं निघून जातं. पाकिटातल्या बुंदीत मीठ असतं, तेव्हा दह्यात मीठ घालण्याआधी इथेही चाखून बघाच.

बुंदी कोरडीच घालायची असेल तर एक वेगळी रीत आहे. दही मुद्दाम थोडं सैल ठेवा आणि बुंदी अगदी पानात वाढताना वरून घाला. ती दाताखाली कुरकुरीत लागते, आणि पंगत लांबली तरी पाणी सुटण्याचा प्रश्नच नाही.

आणि समजा, रायतं आधीच पातळ झालं, पाहुणे दारात आहेत. ते गाळू नका, गाळलं की चव आणि मीठ दोन्ही जातं. वाटी जरा कलती करून कडेला साचलेलं पाणी चमच्याने काढून घ्या आणि दोन चमचे चक्का किंवा निथळलेलं घट्ट दही घालून अलगद ढवळा. ते नसेल तर भाजलेल्या दाण्यांचं कूट दोन चमचे घाला. कूट पाणी शोषतं, चवही बिघडवत नाही, पण रायतं थोडं कोशिंबिरीकडे झुकतं, हे मान्य असेल तरच. हे कूट वाढायच्या अगदी आधी घाला, कारण थोड्या वेळाने तेही फुगून मऊ पडतं.

नमस्कार.