शाई अडली की हेड गेलं?

दापोली तालुक्यातल्या सेवा केंद्रवाल्यांच्या आणि झेरॉक्सवाल्यांच्या बैठकीत केलेलं बोलणं, थोडं संपादन करून.

मंडळी, मी दोन कागद आणलेत, ते पुढच्या बाकापासून मागे पाठवत जा. दोन्ही एकाच जातीच्या टाकीवाल्या प्रिंटरचे नॉझल चेकचे कागद आहेत. जिन्याच्या पायऱ्यांसारख्या बारीक रेघा दिसतात, आणि दोन्हींवर काळ्या रंगात मध्येमध्ये पायऱ्या गायब आहेत. यातला एक प्रिंटर आज हर्णैला रोज दाखले छापतो. दुसऱ्याचं हेड गेलं ते गेलंच. नुसता कागद बघून कुठला कोणता हे मलाही सांगता येणार नाही. ते कशावरून ठरतं, एवढंच आज बोलायचं आहे.

प्रिंटवर पांढरी रेघ आली म्हणजे बहुधा एखादं छिद्र शाई टाकत नाहीये. या प्रिंटरच्या हेडला काळ्या शाईची १८० छिद्रं आहेत आणि बाकी तीन रंगांची प्रत्येकी ५९. एकेक छिद्र आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. प्रत्येकाच्या मागे एक पिझो स्फटिक असतो. त्याला वीज मिळाली की तो किंचित वाकतो आणि पुढचा थेंब ढकलून देतो. म्हणजे थेंब न पडायला दोनच मोठी कारणं उरतात. एक तर शाई छिद्रापर्यंत येत नाही किंवा छिद्रात सुकून बसली आहे. नाहीतर शाई हजर आहे, पण ढकलणारा मेला आहे. पहिल्यावर इलाज आहे, दुसऱ्यावर नाही. आणि पहिल्याचा इलाज आडदांडपणे केला की त्याचंच दुसरं होतं.

आता हर्णैची गोष्ट. तिथल्या ताई केंद्र चालवतात. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी घरपट्टीच्या पावत्या छापता छापता लाईट गेली. चाकरमानी घरी आलेले, ताईंनी विजेच्या भीतीने प्लग काढला आणि शटर ओढलं. अकरा दिवसांनी उघडलं तर काळा रंग जवळजवळ एक तृतीयांश गायब. झालं असं की लाईट गेली तेव्हा हेड मध्यावर होतं. काम संपलं की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी कॅपवर बसतं, कॅप त्याचं तोंड बंद ठेवते. इथे ते अकरा दिवस उघड्या तोंडाने राहिलं. लाईट परत आल्यावर प्रिंटर एकदा नुसता चालू केला असता तरी हेड आपोआप जागेवर गेलं असतं. मग प्रिंटरच्याच बटणाने बंद करायचा, आणि प्लग काढायचा तो त्यानंतर.

एकाने मघाशी विचारलं, आपल्याकडे पावसाळ्यात चपला बुरसटतात, मग शाई सुकते कशी? दमट हवेत ती सावकाश सुकते, हे खरं. पण छिद्रात शाई असते अगदी नखभरही नाही. तिच्यातलं पाणी थोडं जरी उडालं तरी तोंडाशी ती दाटते, आणि दाट झालेला थेंब पिझोला ढकलवत नाही. रंग पूर्ण विरघळलेला असेल, ज्याला डाय म्हणतात, तर तो पाण्याने परत सुटतो. शाई पिगमेंटची असेल तर तिच्यात बारीक कण असतात. ते एकदा चिकटून बसले की नुसत्या पाण्याला दाद देत नाहीत. तुमच्या बाटलीवर यातलं काय लिहिलंय ते घरी जाऊन बघा.

ताईंनी मला बोलावण्याआधी हेड क्लीनिंग नऊ वेळा चालवलं होतं. कागद नऊही वेळा तसाच. इथे माझा पहिला प्रश्न असतो की क्लीनिंग खरंच होतंय का? क्लीनिंग म्हणजे काय, तर कॅप हेडला घट्ट लागते आणि खालचा पंप छिद्रांतून शाई ओढतो. कॅप घट्ट बसली नाही तर पंप हवा ओढतो आणि छिद्राला हातही लागत नाही. हे तपासायला हेड बाजूला घेतलं, कॅपमध्ये ड्रॉपरने डिस्टिल्ड वॉटर काठोकाठ भरलं आणि एकदा क्लीनिंग चालवलं. पाणी कॅपमध्ये होतं तसंच राहिलं. म्हणजे त्या नऊ वेळा काहीच झालं नव्हतं. कॅपच्या रबरी कडेवर वाळलेल्या शाईचा थर होता आणि खालच्या नळीतही गुठळी होती. धागे न सुटणाऱ्या कापडाने कड पुसली, कॅपमध्ये कोमट डिस्टिल्ड वॉटर घालून तासभर ठेवलं, तेव्हा पाणी खाली जायला लागलं.

पाणी डिस्टिल्डच वापरा. बॅटरीत घालायचं मिळतं ते चालतं. किनाऱ्यावरच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ असतं, त्यातले क्षार छिद्रातच बसतात. आणि कृपा करून सॅनिटायझर वापरू नका. जेलवाल्या सॅनिटायझरमध्ये त्याला दाट करणारं द्रव्य असतं. बंद छिद्रात आपण आणखी एक चिकट पदार्थ भरतो.

कॅप ओढायला लागल्यावर मी कॅपमध्ये थोडं हेड धुण्याचं द्रावण घातलं, हेड त्यावर बसवलं आणि प्रिंटर रात्रभर तसाच ठेवला. ताईंना वाटलं, माणूस आला आणि काही न करता गेला. पण वाळलेली शाई भिजायला वेळच लागतो, आणि तो वेळ दिला तर जोर लावावा लागत नाही. प्रिंटरच्या पुस्तिकेतही हेच असतं: दोनतीनदा क्लीनिंग करून फरक पडला नाही तर बंद करून किमान बारा तास थांबा. त्या थांबण्यात नळीतले हवेचे बुडबुडेही वर जाऊन बसतात. सकाळी एकदाच क्लीनिंग केलं. साठेक गायब पायऱ्यांतल्या फक्त अकरा राहिल्या. मग पान भरून काळा रंग अशी पाच पानं छापली, परत रात्रभर विश्रांती दिली. तिसऱ्या दिवशी एकही खंड नव्हता.

सारखं क्लीनिंग करू नये याचं आणखी एक कारण आहे. ओढलेली शाई प्रिंटरच्या तळातल्या स्पंजमध्ये जाते. प्रिंटर तिचा हिशोब ठेवतो आणि स्पंज भरला असं मानलं की छपाईच थांबवतो. पॉवर क्लीनिंग तर नळ्यांतली शाईच बदलून टाकतं. टाकीत तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी शाई असेल तर ते चालवायचं नाही, नाहीतर नळीत हवा शिरते.

मी प्रत्येक वेळचा कागद तारीख घालून जपून ठेवतो. एकावर एक धरून उजेडात बघितले की खंड कुठे आहेत ते कळतं. खंड दरवेळी जागा बदलत असतील तर छिद्रं बरी आहेत. हवा आहे किंवा शाई पुरत नाही. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र, नळीला पडलेली घडी, हे बघा. खंड तिथेच राहून कमी होत गेले तर भिजवणं लागू पडतंय. पिवळा रंग पांढऱ्यावर दिसत नाही, त्यावर निळा उजेड पाडा, रेघा काळ्या दिसतात. आणि नॉझल चेक अखंड असूनही फोटोवर ठरावीक अंतराने आडवे पट्टे येत असतील तर हेडच्या मागे लागू नका. दोष कागद ओढणाऱ्या रोलरचा किंवा अलाइनमेंटचा असतो.

आता दुसरा कागद. हा गुहागरकडच्या एका दुकानातला. दुकानदार दादांनी स्वतःच हेड उघडलं होतं. हेडवर शाई घेणाऱ्या छोट्या नळ्या असतात, त्यांवर डॅम्पर म्हणजे शाईची छोटी डबी बसते. डॅम्पर काढून त्यांनी सिरिंज लावली आणि अंगठ्याने जोर दिला. पाणी जात नाही म्हणून आणखी जोर दिला. सिरिंजने धुता येतं, मीही धुतो. पण पाच मिलीची सिरिंज, मऊ नळीचा तुकडा, खाली टिश्यू, आणि थेंब थेंब. अडलं की थांबायचं, तासभर भिजू द्यायचं. हेडमधला पडदा अतिशय पातळ असतो. तो किंवा रंगांमधला चिकटवलेला सांधा सुटला तर परत जोडता येत नाही.

माझ्याकडे हेड आलं तेव्हा मी तेच केलं, हळूच. काळ्याच्या सगळ्या छिद्रांतून पाणी सरळ, पावसाच्या बारीक पडद्यासारखं खाली आलं. म्हणजे वाट मोकळी होती. हेड कोरडं केलं, बसवलं, तरी कागदावर काळ्याच्या त्याच चाळीस पायऱ्या गायब, एकही इकडची तिकडे नाही. वाट मोकळी आणि थेंब नाही, ही माझी खूण. तरी मी लगेच हेडवर ठपका ठेवत नाही, कारण किनाऱ्यावर खारी हवा चपट्या केबलच्या टोकांना धरते. त्यावर हिरवट डाग आले की रंगच्या रंग गायब होतो आणि दिसायला चोकअपसारखाच दिसतो. म्हणून केबल काढून टोकं साफ केली, परत लावली. फरक नाही.

मग रात्रभर ठेवून सकाळी पिवळा छापला. तो हिरवा आला. आता, घाण कॅपमुळेही रंग मिसळतात, पण ते चारपाच पानांत स्वच्छ होतं. इथे पाच पानांनी पिवळा शुद्ध झाला, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा हिरवा. म्हणजे निळा आणि पिवळा हेडच्या आत एकमेकांत झिरपत होते. याच्यापुढे त्या हेडवर मी एक मिनिटही घालवला नाही.

हे सगळं पिझोचं झालं. कॅनन आणि एचपीच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये पिझो नसतो, तिथे एक बारीक हीटर शाईला क्षणभर उकळवतो आणि बुडबुडा थेंब उडवतो. तिथे टाकी रिकामी असताना छापत राहिलं की हीटर जळतो, कारण त्याला थंड करणारी शाईच नसते. एचपीच्या छोट्या प्रिंटरांत हेड कार्ट्रिजलाच असतं. ते ओल्या टिश्यूवर दोन मिनिटं टेकवून बघा, नाही आलं तर नवीन कार्ट्रिज घ्या. त्याच्यावर दिवस घालवण्यात अर्थ नाही.

गुहागरच्या दादांना मी नवीन हेडचा भाव काढून दिला. तो नव्या प्रिंटरच्या निम्म्याहून वर जात होता. शिवाय नवीन हेड लावण्याआधी बोर्ड तपासावा लागतो. जुन्या हेडमध्ये शाई शिरून शॉर्ट झालं असेल तर बोर्डावरचे हेड चालवणारे ट्रान्झिस्टर जळलेले असतात, आणि ते नव्या हेडलाही घेऊन जातात. त्यांचा बोर्ड सुदैवाने ठीक निघाला. तरी त्यांनी हेड घेतलं नाही, नवीन प्रिंटर घेतला. जुन्याच्या टाक्या रिकाम्या करून मी नळ्या बांधून दिल्या. त्याचा स्कॅनर धडधाकट आहे. सातबारे आणि आधारकार्डं ते अजून त्याच्यावरच स्कॅन करतात.