बंधाऱ्यातलं पाणी आणि वाडीची वीज

(ड्रोन. भरलेला बंधारा, सांडव्यावरून पाणी चाललंय)

पाटण तालुक्यातल्या एका वाडीचा हा बंधारा. जुलैचा दुसरा आठवडा, बंधारा काठोकाठ भरलाय आणि सांडवा वाहतोय. अंदाजे दोन कोटी लिटर पाणी मावतं यात. एवढं पाणी बघितलं की कुणालाही वाटतं की यावर अख्ख्या गावाला वर्षभर लाईट मिळेल, आम्हालाही तसंच वाटलं होतं, मग हिशोब मांडला.

गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यासमोर आणा. तेवढं पाणी १३ मीटर खाली सोडलं तर त्यातून सगळी मिळून ३५ वॉट-तास ऊर्जा निघते, म्हणजे ९ वॉटचा एक एलईडी बल्ब जेमतेम चार तास. आणि टर्बाईन-जनरेटरमध्ये जवळपास निम्मी वाया जाते, मग राहिले दोन तास. आता अख्खा बंधारा घ्या. पाणी उतरत जाईल तशी उंचीही कमी होणार, म्हणून सरासरी ११ मीटर धरली, तर तळापर्यंत रिकामा करून हातात येतात साधारण ३३० युनिट. महिन्याला शंभर युनिट जाळणारी तीन घरं असतील तर एक महिना, बस. याच तालुक्यातल्या कोयना धरणाचं पाणी घाटाखाली कोकणात पावणेपाचशे मीटर खाली पडतं म्हणून तिथं तेवढी वीज होते, आपल्याकडे उंची १३च.

म्हणून साठ्याकडं नाही, या सांडव्याकडं बघा. हे पाणी थांबतच नाही.

(ओढा. नारळ पाण्यात सोडताना)

वाहतं पाणी मोजायला नारळ पुरतो. दहा मीटरच्या सरळ पट्ट्यात नारळ सोडला, त्याला २७ सेकंद लागले. वरचं पाणी जोरात पळतं, तळाचं दगडाला घासून सावकाश चालतं, म्हणून आलेल्या वेगाचा पाऊणच वेग धरायचा. ओढा इथं सव्वा मीटरला थोडा कमी रुंद, खोली सरासरी वीतभराहून कमी, १५ सेंटीमीटर. गुणाकार केला, सेकंदाला ५० लिटर.

(मिस्त्री लेव्हल ट्यूब धरून उतारावर)

आणि उंची मोजली मिस्त्रीकाकांच्या लेव्हल ट्यूबनं, टप्प्याटप्प्यानं खाली उतरत, खालच्या सपाट खडकापर्यंत १३ मीटर भरली. भिंतीला हात लावायचा नाही हे गावानं आधीच सांगितलं होतं, ते बरोबरच आहे, त्यामुळं पाणी सांडव्याच्या बाजूला छोटी टाकी बांधून तिथूनच पाईपात घ्यायचं.

पाईप हाच खरा मुद्दा आहे. ऐंशी मीटर पाईप लागणार. गावात सगळ्यांचं म्हणणं सहा इंची घेऊ, स्वस्त पडतो. पण ५० लिटर पाणी सहा इंचीतून ढकललं की नुसत्या घर्षणात तीन मीटरच्या वर उंची खाल्ली जाते, कष्टानं मोजलेल्या तेरातली! आठ इंचीत एक मीटरच्या आत. आठ इंची घेतला तर सव्वातीन किलोवॅटच्या आसपास मिळतात, दिवसाला ७५ युनिट तरी. म्हणजे अख्खा बंधारा रिकामा करून जे मिळालं असतं ते ओढा पाच दिवसांत देतो, आणि बंधारा भरलेलाच राहतो.

(पाईपाच्या तोंडाशी जाळी, पालापाचोळा)

पावसाळ्यात ही जाळी रोज साफ करावी लागणार, कधी दोनदा. पाला बसला की खाली टर्बाईनच्या तोंडाशी लावलेल्या दाबाच्या गेजचा काटा नेहमीच्या सव्वा किलोच्या खाली यायला लागतो आणि बल्ब मंद होतात, पण काटा आधी सांगतो, म्हणून रोज गेज बघायची सवय लावायची. उलटी भीती लोड अचानक जाण्याची. रात्री सगळ्यांनी दिवे बंद केले की टर्बाईन मोकळं पळतं, व्होल्टेज चढतं आणि चालू राहिलेले बल्ब, टीव्ही उडतात. म्हणून कंट्रोलर बसवून उरलेली वीज पाण्यातल्या हीटरमध्ये जाळायची. हा खर्च वाचवायचा नाही म्हणजे नाही.

ओढा आटला की टर्बाईन बंद, साठलेलं पाणी शेतीचं आणि जनावरांचं, त्याला हात नाही.

(भिंतीवर रंगवलेली मोजपट्टी, वही घेतलेली मुलगी)

एका दिवसाच्या मोजणीवर मशीन ठरवायचं नसतं, म्हणून सांडव्याशेजारी पट्टी रंगवलीय. सांडव्यावर पाण्याचा थर किती बोटं आहे ते ही आठवीतली मुलगी रोज शाळेला जाताना वहीत उतरवते, आणि पाणी सरेपर्यंत उतरवणार आहे. किती लिटरचं टर्बाईन घ्यायचं ते या वहीवरून ठरेल.