पाच गोळ्या आणि कॅलेंडरचं पान

[दृश्य: स्वयंपाकघरातली भिंत. खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर. जुलैच्या पानावर निळ्या पेनाच्या खुणा.]

निवेदन:
२० जुलैला एक गोल आहे. २२ जुलैला दुसरा. त्या चौकटीत बारीक अक्षरांत काही वेळा लिहिल्यात, आणि त्यांच्यापुढे उभ्या रेघा. एक रेघ म्हणजे एक पॅड.

ही गोष्ट कुणा एका बाईची नाही. तालुक्याच्या दवाखान्यात अनेकजणी जे प्रश्न घेऊन येतात, त्यांवरून आम्ही तिला उभं केलंय. म्हणून तिला नाव नाही. वय तीस, पदरात दोन मुलं. पाळी चुकली, घरी चाचणी केली, दोन रेघा आल्या. हे मूल नको, हे तिनं आणि नवऱ्यानं ठरवलं.

[दृश्य: दवाखान्यातलं टेबल. डॉक्टर कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजतात.]

निवेदन:
डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "शेवटची पाळी कधी आली, ताई? पहिला दिवस सांगा."
"३ जून, मॅडम."

दिवस मोजायचे ते इथून, संबंध आले त्या दिवसापासून नाही. ३ जून ते २० जुलै, ४७ दिवस. म्हणजे सहा आठवडे आणि पाच दिवस. भारतात गोळ्यांनी गर्भपात करण्याची मुदत नऊ आठवड्यांची, म्हणजे ६३ दिवसांची आहे. तिच्या हिशोबानं ती ५ ऑगस्टला संपते. पुढे दिवस वाढतात तसा रक्तस्राव वाढतो आणि गोळ्या अपुऱ्या पडण्याची शक्यताही वाढते.

तिची पाळी मागेपुढे होणारी, म्हणून सोनोग्राफी केली. गर्भ पिशवीतच होता. हे एवढं एक वाक्य फार मोलाचं आहे, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत. हिमोग्लोबिन १० भरलं. ते फार कमी असतं, रक्त पातळ करणारी औषधं चालू असती, दमा किंवा सांधेदुखीसाठी बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असत्या, तर डॉक्टरांनी वेगळा मार्ग सुचवला असता. तांबी बसवलेली असेल तर ती आधी काढावी लागते.

मग संमतीचा कागद. त्यावर सही तिची एकटीची. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईला नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर नाहीच. काउंटरवर "मिस्टरांना घेऊन या" असं आजही ऐकवलं जातं. कायद्यात तसं काहीही नाही.

[दृश्य: तळहातावर औषधाचं पाकीट. एक गोळी वेगळी, चार गोळ्या एकत्र.]

निवेदन:
पाकिटात पाच गोळ्या असतात. एक मिफेप्रिस्टोनची, २०० मिलिग्रॅम. उरलेल्या चार मिसोप्रोस्टॉलच्या, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅम. ही दोन वेगवेगळी औषधं आहेत, आणि त्यांचं काम एकामागून एक चालतं.

गर्भ टिकतो तो प्रोजेस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाच्या जोरावर. पिशवीच्या आतलं अस्तर जाड आणि ओलसर ठेवणं, पिशवी आवळू न देणं, तिचं तोंड घट्ट मिटलेलं ठेवणं, ही सगळी कामं त्याची. हे संप्रेरक पेशींमधल्या ठरावीक जागांवर जाऊन बसतं आणि तिथून काम चालवतं. मिफेप्रिस्टोन आधीच त्या जागांवर ठाण मांडतं. संप्रेरक रक्तात भरपूर असतं, पण त्याला बसायला जागाच मिळत नाही. अस्तर सुटायला लागतं, पिशवीचं तोंड मऊ पडतं, आणि पुढच्या औषधाला पिशवी कितीतरी जास्त दाद देऊ लागते.

या सगळ्याला एक ते दोन दिवस लागतात. बाहेर मात्र बहुधा काहीच दिसत नाही. तिनं पहिली गोळी २० तारखेला सकाळी ११ वाजता दवाखान्यातच घेतली. घरी आली, भाकऱ्या केल्या, रात्री झोपली. २१ तारखेला तिला वाटलं, गोळी लागूच पडली नाही. तसं नव्हतं. काहीजणींना या मधल्या काळात थोडं रक्त दिसतं, आणि त्यांना उलटं वाटतं, झालं सगळं, आता त्या चार गोळ्या कशाला? पण त्या चार घ्यायच्याच असतात. पहिली गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवायचं, कारण ती पुन्हा घ्यावी लागू शकते.

[दृश्य: २२ जुलैची चौकट जवळून. "११ गोळ्या". "१२ थंडी". "१ कळा".]

निवेदन:
२२ तारखेला तिनं मुलांना शेजारी पाठवलं. जाऊबाई सोबत थांबली. सोबत कुणीतरी हवंच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

साडेदहाला काहीतरी खाऊन तिनं दुखणं कमी करणारी आयबुप्रोफेनची गोळी घेतली. कळा सुरू होण्याआधी घेतली तर ती जास्त उपयोगी पडते, आणि तिच्यामुळे गर्भपाताच्या औषधात अडथळा येत नाही. अकरा वाजता चारही गोळ्या जिभेखाली ठेवल्या. अर्धा तास तशाच. उरलेला चुरा पाण्यासोबत गिळून टाकला. काही डॉक्टर त्या गालात किंवा योनीमार्गात ठेवायला सांगतात, तेही चालतं. पण थेट गिळल्या तर परिणाम कमी होतो.

मिसोप्रोस्टॉल मुळात पोटातल्या अल्सरसाठीचं औषध. त्यानं पिशवी आवळते, सैल पडते, पुन्हा आवळते. अस्तर आधीच सुटलेलं, तोंड मऊ झालेलं. आवळण्यानं आतलं सगळं बाहेर ढकललं जातं. कळा येतात त्या यामुळेच.

बारा वाजता तिला थंडी वाजली, दोन गोधड्या घेतल्या. अंग गरम झालं, पोट एकदा ढाळलं, मळमळ सुटली. हे औषधाचंच लक्षण आहे आणि बहुतेकींचं त्याच दिवशी ओसरतं. एक वाजता कळा सुरू झाल्या, दीडला रक्त दिसलं. तीन ते चारच्या दरम्यान सगळ्यात जास्त. एका तासात एक पॅड पूर्ण भिजलं. लिंबाएवढी एक गाठ पडली, आणि तिच्यासोबत पांढुरकं, पडद्यासारखं काहीतरी. जाऊबाई घाबरली. "अगं, इतकं कधी जातं का अंगावरून?"

जातं. पाळीपेक्षा जास्तच जातं. पिशवी रिकामी होतेय त्याची ती खूण आहे. सात आठवड्यांच्या आसपास गर्भ सेंटिमीटरभराचा असतो, गाठींमध्ये तो बहुधा ओळखूही येत नाही. सहापर्यंत कळा उतरल्या. रात्री तिनं वरणभात खाल्ला.

त्यानंतरचं रक्त हळूहळू कमी होत गेलं. साधारण दोन आठवडे जाणं सामान्य आहे, आणि पुढची पाळी येईपर्यंत मधूनच डाग पडले तरी त्यात वावगं नाही.

[दृश्य: फक्त उभ्या रेघा. एका वेळेपुढे एक. पुढच्या वेळेपुढे एक.]

निवेदन:
या रेघा डॉक्टरांनीच मारायला सांगितल्या होत्या. भीतीच्या वेळी "खूप गेलं" आणि "थोडं गेलं" यांचा अंदाज कुणालाच नीट येत नाही. रेघा मोजता येतात. म्हणून या दिवसांत पॅडच वापरायचं.

एका तासात दोन मोठी पॅड पूर्ण भिजली, आणि पुढच्या तासातही तसंच झालं, तर तिसऱ्या तासाची वाट पाहायची नाही. दवाखाना गाठायचा, महाराष्ट्रात १०८ ला फोन लावायचा. चक्कर आली, उभं राहवेना, तर दोन तासही मोजत बसू नये.

तापाचंही गणित वेळेचंच आहे. गोळ्यांच्या दिवशी काही तास कणकण चालते. ताप १००.४ च्या वर जाऊन चार तास उतरलाच नाही, किंवा दुसऱ्या दिवशी आला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. घाण वास येणारा स्राव किंवा गोळीनंही न थांबणारं पोटदुखणं हीदेखील त्याचीच चिन्हं. क्वचित संसर्गात तापच नसतो. उलट्या, जुलाब आणि गळून जाणं दुसऱ्या दिवशीही तसंच राहतं. तेव्हाही घरी थांबू नये.

आणि काहीच गेलं नाही तर? चार गोळ्यांनंतर २४ तासांत रक्त दिसलंच नाही किंवा नुसते डाग पडले, तर तेही दाखवायला हवं. एक तर गर्भ अजून वाढतो आहे, नाही तर तो पिशवीत नाहीच.

[दृश्य: सोनोग्राफीच्या यंत्राचा पडदा. बंद.]

निवेदन:
आता त्या वाक्याकडे येऊ. गर्भ पिशवीत आहे.

शंभरात एखाद-दुसरीचा गर्भ पिशवीऐवजी नळीत रुजतो. या गोळ्या त्याला काढू शकत नाहीत. पण पिशवीचं अस्तर सुटल्यानं रक्त तर जातं, आणि बाईला वाटतं, मोकळी झाले. नळीतला गर्भ वाढतच राहतो आणि एक दिवस नळी फुटते. तेव्हा रक्त पोटात साठतं. पॅडवर दोन थेंब असतात आणि बाई पांढरीफटक पडलेली असते. एका बाजूला ओटीपोटात दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ, घेरी, ही तिची लक्षणं. इथं पॅड मोजून उपयोग नाही. मेडिकलमधून गोळ्या परस्पर आणून घेण्यात खरा धोका हा आहे.

आणि तशा घेतल्याच असतील, तर दवाखान्यात लपवू नका. कोणत्या गोळ्या, किती, कधी, हे सांगितलं की उपचार लवकर सुरू होतात. गर्भपात झालेल्या बाईची ओळख गुप्त ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे.

[दृश्य: दवाखाना. टेबलावर जुलैचं फाडून आणलेलं पान.]

निवेदन:
३ ऑगस्टला, पंधराव्या दिवशी, ती पान घेऊन आली. डॉक्टरांनी रेघा वाचल्या आणि विचारलं, "मळमळ गेली? छाती जड वाटते का अजून?"
"गेली. नाही वाटत."

गर्भ पिशवीतच असलेल्या शंभरातल्या पंच्याण्णवहून जास्त जणींचं काम या पाच गोळ्यांत होतं. काहींच्या पिशवीत थोडं राहतं आणि ते काढावं लागतं. अगदी थोड्यांचा गर्भ वाढत राहतो. तेव्हा "राहिलंय तर राहू दे" असं परस्पर ठरवू नये. मिसोप्रोस्टॉलमुळे बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांशी बोलूनच पुढचं ठरवायचं.

तिनं घाबरत विचारलं, "मॅडम, काल घरी चाचणी केली. परत दोन रेघा आल्या."
"येणारच, ताई. चाचणीत जे संप्रेरक दिसतं, ते रक्तातून जायला चार आठवडे लागू शकतात. १९ ऑगस्टला करा."

आणि तोवर? स्त्रीबीज आठ-दहा दिवसांतही पुन्हा बाहेर पडू शकतं. पाळीची वाट पाहत बसलं तर दुसरा गर्भ राहू शकतो. तिनं तिथंच तांबीबद्दल विचारलं. पिशवी रिकामी आहे हे तपासून डॉक्टरांनी ती त्याच दिवशी बसवली.

[दृश्य: स्वयंपाकघर. ऑगस्टचं पान. १९ तारखेभोवती निळा गोल.]